कापूस वेचणी: काट्याच्या फोटोवरून खरे वजन काढताना

वेचणी सुरू झाली की संध्याकाळी धुऱ्यावर काटा टांगला जातो, गाठोडी मोजली जातात आणि डायलचा फोटो मालकाच्या किंवा मुकादमाच्या मोबाईलवर जातो. मजुरी किलोवर असल्याने त्या फोटोवर सगळा हिशोब उभा असतो. मात्र स्प्रिंगचा काटा रिकामा असतानाही बरोबर शून्यावर उभा असेलच असे नाही. म्हणून एका फोटोवर वजन धरू नये. भरलेल्या काट्याच्या फोटोसोबत त्याच काट्याचा रिकामा फोटो हवाच.

रिकामा म्हणजे हुकाला काहीही न लावता, ज्या फांदीवर किंवा तिकाटण्यावर मोजायचे तिथेच टांगलेला काटा. घरी भिंतीला लावून काढलेला फोटो चालत नाही, कारण काटा तिरका लटकला, नळीत सरकीचे तंतू अडकले किंवा मूळ हुकाऐवजी जड साखळी लावली तरी शून्य हलते. रिकामा फोटो मोजणी सुरू करताना आणि संपल्यावर असा दोनदा काढावा. दोन्हींत फरक आला तर स्प्रिंग त्या दिवसात सरकली असे समजावे. वरच्या मर्यादेजवळचे ओझे लावल्यावर असे बरेचदा होते.

फोटो वाचताना पहिली चूक रेघा मोजण्यात होते. समजा ५० किलोचा घड्याळी काटा आहे आणि त्यावर ०, ५, १०, १५ असे आकडे छापलेले आहेत. दोन आकड्यांमधली घरे मोजा. रेघा मोजू नका, रेघांमधली घरे मोजा. २५ घरे असतील तर ५ किलो भागिले २५, म्हणजे एक घर २०० ग्रॅमचे. एक घर १०० ग्रॅमचे समजून वाचले तर सात घरांचे १.४ किलो व्हायला हवेत, ते ०.७ किलो लिहिले जातात. सुई घराच्या मधोमध असेल तर अर्धे घर धरावे, म्हणजे १०० ग्रॅम. त्याहून बारीक आकडा फोटोतून काढायला जाऊ नये. डायलमध्ये तो नाहीच.

आता एक हिशोब करून पाहू. रिकाम्या फोटोत सुई शून्याच्या पुढे दोन घरांवर आहे. म्हणजे शून्याची चूक अधिक ०.४ किलो. भरलेल्या फोटोत सुई २० च्या पुढे साडेतीन घरांवर आहे, म्हणजे वाचन २०.७. खरे वजन मिळण्यासाठी वाचनातून शून्याची चूक वजा करायची: २०.७ वजा ०.४, म्हणजे २०.३ किलो. यात गाठोड्याचे कापड अजून धरलेले आहे.

सुई शून्याच्या मागे उभी असेल तर नियम तोच राहतो, चिन्ह बदलते. घड्याळी काट्यावर ती मागे गेली की ४९.६ च्या जागी दिसते. ते ४९.६ किलो नसून उणे ०.४ आहे. अशा काट्यावर गाठोडे १८.६ दाखवत असेल तर १८.६ मधून उणे ०.४ वजा करायचे, म्हणजे ०.४ मिळवायचे, खरे वजन १९.० किलो. अधिक चूक मालकाच्या खिशातून जाते आणि उणे चूक मजुराच्या. दिवसाला ३० गाठोडी मोजली तर ०.४ चे १२ किलो होतात.

कापडाच्या बाबतीत गोंधळ जास्त होतो. रिकामे कापड त्याच काट्यावर टांगून वाचले तर त्या वाचनातही शून्याची चूक आलेली असते. तेव्हा भरलेल्या वाचनातून ते वाचन थेट वजा केले की चूक आपोआप गळते. ती पुन्हा वजा करायची नाही. दोन्ही वजा केले की प्रत्येक गाठोड्यामागे ०.४ किलो मजुराचे जातात. शिवाय एकटे कापड २०० ग्रॅमच्या घरांवर नीट मोजता येत नाही. सारखी पाच कापडे एकत्र टांगावीत. वाचन ३.४ आले, तर ३.४ वजा ०.४ म्हणजे ३.० किलो, आणि एका कापडाचे ०.६ किलो. वरच्या गाठोड्यातला निव्वळ कापूस मग २०.३ वजा ०.६, म्हणजे १९.७ किलो.

फोटो कुठून काढला यानेही आकडा बदलतो, कारण काट्याची सुई डायलच्या थोडी पुढे असते. काटा डोक्याच्या वर टांगला आणि मोबाईल खालून धरला की सुई डायलवर वर सरकल्यासारखी दिसते. शून्य वर असलेल्या घड्याळी काट्यावर १० ते २० किलोच्या भागात सुई खाली जात असते, म्हणून तिथे वाचन कमी दिसते. वरून काढल्यास जास्त दिसते. सुई डायलपासून चार-पाच मिलिमीटर दूर असेल आणि मोबाईल बराच खाली असेल तर एखाद-दीड घराचा फरक पडतो, आणि तो शून्याच्या चुकीच्या जवळपास जातो. ओळखायला सोपे आहे: फोटोत गोल डायल लंबगोल दिसत असेल तर तो फोटो वाचू नये, दुसरा मागवावा. काटा छातीच्या उंचीवर टांगावा, मोबाईल डायलच्या मध्यासमोर साधारण एका हाताच्या अंतरावर धरावा आणि गाठोडे झुलायचे थांबल्यावरच फोटो काढावा. दुसऱ्या एका फोटोत गाठोड्याचा तळ आणि जमीन यांच्यातली मोकळी जागा दिसू द्यावी. गाठोडे तुरीच्या झाडाला किंवा कुणाच्या गुडघ्याला टेकले तर वजन कमी येते आणि डायलच्या फोटोवरून ते कधीच कळत नाही.

फोटोसोबत मजकूर असा लिहावा: गाठोडे ७, रिकामा +०.४, भरलेला २०.७, कापड ०.६, निव्वळ १९.७. केवळ १९.७ लिहू नये. वाद झाला तर मूळ वाचनावरूनच तो सुटतो.

एक धोका फोटोत दिसतच नाही. काही काट्यांत शून्यावर खिळा किंवा अडथळा असतो आणि सुई त्याच्या मागे जाऊ शकत नाही. स्प्रिंग उणे बाजूला असली तरी रिकामा फोटो अगदी बरोबर शून्य दाखवतो. यासाठी हंगामाच्या सुरुवातीला २ किलोचे शिक्का असलेले लोखंडी वजन टांगून पाहावे. १.६ दिसले तर उणे ०.४ ची चूक खिळ्यामागे लपलेली आहे आणि प्रत्येक वाचनात ०.४ मिळवावे लागतील.

मग २० किलोची वजने टांगावीत. २ किलोला आणि २० किलोला चूक सारखीच आली तर वजाबाकीने काम भागते. २ किलोला ०.४ आणि २० किलोला १.२ असा फरक वाढत गेला, तर स्प्रिंग थकली आहे. अशा काट्यावर शून्याची दुरुस्ती लावून वजन खरे होत नाही. तो बाजूला ठेवून परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावा आणि वैध मापनशास्त्र विभागाकडून पडताळणी व मुद्रांकन करून घेतल्यावरच मजुरीच्या मोजणीला परत लावावा.