मधुमेही कुत्र्याचा मोतीबिंदू: ऑपरेशनचं ठरवायला वेळ कमी असतो

कुत्र्याला मधुमेह झाल्याचं कळल्यावर घरातलं सगळं लक्ष इन्सुलिन आणि जेवणाच्या वेळांकडे जातं. डोळ्यांचा विचार नंतर होतो आणि तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. निदानानंतर साधारण सहा महिन्यांत निम्म्या कुत्र्यांना मोतीबिंदू होतो आणि वर्षभराच्या आसपास चारपैकी तिघांना. माणसाचा मोतीबिंदू वर्षानुवर्षं पिकत राहतो, हा मात्र कधी कधी आठवड्यात पांढराफटक होतो.

कारण साखरेतच आहे. रक्तात ग्लुकोज वाढलं की ते डोळ्याच्या भिंगातही शिरतं. नेहमीच्या मार्गाने त्याचा निपटारा होईनासा झाला की अल्डोज रिडक्टेज नावाचं एन्झाइम जास्तीच्या ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करतं. सॉर्बिटॉल भिंगाबाहेर सहज जात नाही, उलट पाणी आत ओढतं. भिंग फुगतं, त्याचे तंतू विस्कटतात आणि ते दुधाळ होतं. फुगवटा फारच वाढला तर भिंगाभोवतीची पातळ पिशवी कडेला चिरते. गोष्ट तिथे गेली की प्रश्न फक्त न दिसण्याचा राहत नाही.

१. दर आठवड्याला डोळे पाहा

खोली अंधारी करा, कुत्र्याला समोर बसवा आणि हातभर अंतरावरून मंद टॉर्च डोळ्यांकडे धरा. निरोगी डोळ्याच्या बाहुलीतून पिवळट-हिरवी चमक परत येते. म्हातारपणी भिंग निळसर धूसर दिसतं, पण ही चमक तरीही दिसते. तो मोतीबिंदू नव्हे आणि त्याने आंधळेपणही येत नाही. चमक ठिपक्याठिपक्यांनी अडली किंवा पूर्ण झाकली गेली तर मोतीबिंदू समजा. दर रविवारी त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढून ठेवला तर वेग लक्षात येतो आणि डॉक्टरांनाही दाखवता येतो.

२. दाह ओळखा

भिंगातली प्रथिनं एरवी पिशवीत बंद असतात, त्यामुळे शरीराची त्यांच्याशी फारशी ओळख नसते. मोतीबिंदूत ती पाझरू लागली की शरीर त्यांना परकं समजून डोळ्याच्या आत दाह सुरू करतं. डॉक्टर याला युव्हिआयटिस म्हणतात. पिशवी शाबूत असतानाही हे होतं, चिरली तर झपाट्याने होतं.

घरी दिसणाऱ्या खुणा म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग लाल होणं, पाणी येणं, डोळा मिचकावणं, उजेड टाळणं आणि एक बाहुली दुसरीपेक्षा बारीक दिसणं. जुन्या दाहात बुबुळाचा रंग गडद होतो. दवाखान्यात डोळ्याचा दाब मोजायचा आग्रह धरा. कुत्र्यात तो साधारण १० ते २५ मिलीमीटर पारा असतो. दाहात दाब कमी होतो, काचबिंदूत वाढतो. दोन्हींमध्ये डोळा लालच दिसतो, म्हणून नुसत्या लाल रंगावरून औषध ठरवता येत नाही.

३. थेंब लगेच सुरू करा, पण घरातले नव्हेत

दाह थांबवायला बहुतेक वेळा केटोरोलॅक किंवा फ्लर्बिप्रोफेनसारखे स्टिरॉइड नसलेले थेंब देतात. प्रेडनिसोलोनचे थेंब जास्त ताकदीचे असले तरी त्यांतलं थोडं औषध रक्तात उतरून साखर बिघडवू शकतं, त्यामुळे मधुमेही कुत्र्यात ते जपून वापरतात. त्याहून मोठी अडचण अशी की मधुमेही कुत्र्यांच्या डोळ्यांना संवेदना कमी असते आणि अश्रूही कमी पडतात. डोळ्यावर जखम झाली तरी कुत्रं कुरकुरत नाही आणि जखमेवर स्टिरॉइड पडलं तर ती खोल जाते. म्हणून आधी हिरवा रंग टाकून जखम नाही ना, हे डॉक्टरांनी पाहायला हवं. आजोबांच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली वापरणं इथे खरंच महागात पडतं.

दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. मोतीबिंदू विरघळवणारे म्हणून विकले जाणारे थेंब मात्र घेऊ नका. झालेला मोतीबिंदू थेंबांनी जात नाही.

४. ऑपरेशनचा विचार लवकर करा

‘आधी साखर अगदी नीट होऊ दे, मग बघू’ हे वाक्य मी फार ऐकतो. साखर बऱ्यापैकी स्थिर हवी, लघवीत कीटोन नकोत आणि भूल झेपायला हवी, इतकं पुरे. परिपूर्ण आकड्यांची वाट पाहत तीन-चार महिने गेले की तेवढा काळ दाह डोळ्याच्या आत नुकसान करत असतो.

डोळ्यांच्या तज्ज्ञाकडे दोन तपासण्या महत्त्वाच्या. सोनोग्राफीत पडदा जागेवर आहे का आणि भिंगाची पिशवी चिरली आहे का, ते दिसतं. ईआरजीमध्ये पडदा काम करतो का, ते कळतं. पडदाच गेला असेल तर भिंग काढून दिसणार काहीच नाही, मग खर्च कशाला? पिशवी चिरलेली दिसली तर निर्णय काही दिवसांतच घ्यावा लागतो.

नऊ वर्षांच्या एका लॅब्राडॉर मादीचं उदाहरण घेऊ. मधुमेहाचं निदान झाल्यावर सहाव्या आठवड्यात डोळे धूसर झाले, पुढच्या आठवड्यात पांढरे. उजवा डोळा लाल, दाब ७. डावा शांत, दाब १२. पिशव्या शाबूत, पडदे जागेवर, ईआरजी चांगला. दोन आठवडे थेंब दिल्यावर उजव्याचा दाब ११ वर आला. मग एकाच भुलीत दोन्ही डोळे केले. अल्ट्रासाउंडने भिंगाचा चुरा करून तो ओढून काढला आणि ४१ डायॉप्टरचं कृत्रिम भिंग बसवलं. पिशवी खराब असेल तर भिंग बसवता येत नाही. तरीही कुत्र्याला दिसतं, फक्त जवळचं धूसर.

त्या रात्री डाव्या डोळ्याचा दाब ३४ झाला. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही तासांत असं बऱ्याचदा होतं, म्हणून पहिली रात्र दवाखान्यात ठेवतात. थेंबांनी तो सकाळपर्यंत उतरला. पुढे गळ्यात कोन, दिवसातून चार वेळा थेंब, मग आठवड्यागणिक कमी. या काळात पट्टा गळ्याला न लावता छातीच्या हार्नेसला लावा, मान ओढली गेली की डोळ्याचा दाब वाढतो.

योग्य वेळी, योग्य डोळ्यावर केलं तर दहापैकी आठ-नऊ कुत्र्यांना सुरुवातीला चांगलं दिसतं. पुढच्या वर्षांत काचबिंदू किंवा पडदा सुटल्याने काहींची दृष्टी जाते, म्हणून तपासण्या आयुष्यभर चालतात. माझ्या मते दोन्ही डोळे गेलेलं, एरवी ठणठणीत आणि हाताळू देणारं कुत्रं असेल तर हा खर्च सार्थकी लागतो. थेंब घालू न देणारं, किडनी किंवा हृदय थकलेलं कुत्रं असेल तर मी नको म्हणतो.

५. ऑपरेशन नको ठरलं तर

थेंब बंद करू नका. इथेच बहुतेक घरं चुकतात. दिसत नाही तर औषध कशाला, असं वाटतं, पण दाह चालूच असतो आणि त्यातून काचबिंदू होतो. तो दुखतो, इतका की कुत्रं जेवण टाळतं, डोकं भिंतीला घासतं आणि दिवसभर झोपून राहतं. तीन-चार महिन्यांनी दाब मोजून घ्या. डोळा सुजून मोठा दिसू लागला किंवा दाब औषधाने उतरेना, तर तो काढून टाकणं हाच दुखणं थांबवायचा उपाय असतो. बाकी आंधळं कुत्रं घरात मजेत राहतं. फर्निचर हलवू नका, जेवणाचं भांडं आणि पाण्याचं घमेलं एकाच जागी ठेवा आणि हात लावायच्या आधी नावाने हाक मारा.