आई-वडिलांसाठी आरोग्य विमा घेताना जाहिरातीमागची कलमे कशी वाचावीत

आई-वडिलांसाठी विमा शोधताना माहितीपुस्तिकेवर सर्वांत मोठा आकडा असतो तो विमा रकमेचा. पण दवाखान्यातून घरी येताना आपल्या खिशातून किती पैसे जाणार, हे ठरवणारी कलमे आत, बारीक अक्षरांत असतात. म्हणून आधी ग्राहक माहिती पत्रक मागून घ्यावे. ते स्थानिक भाषेत मागता येते, त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील कुटुंबांनी ते मराठीत मिळावे असा आग्रह अवश्य धरावा, कारण आई-वडिलांनाही ते स्वतः वाचता आले पाहिजे.

त्या पत्रकात प्रथम खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पेमेंट, म्हणजे मान्य खर्चातला आपण भरायचा ठरावीक टक्का, ही दोन कलमे शोधून त्यांवर पेन्सिलीने खूण करावी, आणि मग कागदावर एक हिशेब मांडून पाहावा. समजा, निपाणीच्या 67 वर्षांच्या वडिलांचा विमा 5 लाखांचा आहे, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 1 टक्का म्हणजे 5,000 रुपये आहे, आणि को-पेमेंट 20 टक्के आहे. ते चार दिवस 8,000 रुपयांच्या खोलीत राहिले आणि बिल 2,40,000 रुपये झाले: खोलीचे 32,000, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह व शुश्रूषेचे 1,28,000, औषधे, तपासण्या व इम्प्लांटचे 80,000. खोली मर्यादेपेक्षा महाग असल्याने कंपनी फक्त भाड्यातील फरक कापून थांबत नाही, तर डॉक्टर व शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच, धरते. त्यामुळे खोलीचे 20,000, शस्त्रक्रियेचे 80,000 आणि औषधे व इम्प्लांटचे पूर्ण 80,000 असे 1,80,000 मान्य होतात. त्यातून को-पेमेंटचे 36,000 वजा जाऊन 1,44,000 मिळतात. उरलेले 96,000 घरच्यांना भरावे लागतात. हप्ता थोडा जास्त असला तरी खोलीभाड्याची मर्यादा नसलेली योजना मला म्हणूनच बरी वाटते.

यानंतर प्रस्ताव अर्ज भरावा, आणि तो एजंटावर न सोडता आई-वडिलांसोबत बसून, औषधांची पिशवी समोर ठेवून भरावा. रक्तदाबाची एक गोळी ‘किरकोळ’ म्हणून वगळली की पुढे दावा नाकारण्याचे कारण तीच ठरू शकते. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त 36 महिन्यांचा असतो. तो कमी असलेली योजना वयस्कांसाठी अधिक उपयोगाची.

गंभीर आजारात आपल्याकडची माणसे बेळगावप्रमाणेच मिरज किंवा कोल्हापूरलाही जातात. त्यामुळे कॅशलेस यादीत सीमेच्या दोन्ही बाजूंचे, आपण खरोखर जातो ते दवाखाने आहेत का, हे त्या दवाखान्यांच्या विमा कक्षात फोन करूनच पडताळावे, कारण जुन्या याद्यांमध्ये बाहेर पडलेली नावेही सापडतात.

पॉलिसी हाती आल्यावर 30 दिवसांत ती परत करता येते. त्या मुदतीत वरचा हिशेब खऱ्या कलमांवर पुन्हा करावा, आणि एजंटाने सांगितलेले आणि छापलेले जुळत नसेल तर कंपनीला लेखी कळवून हप्ता परत मागावा. संरक्षण मिळालेल्या दिवसांचा खर्च, वैद्यकीय तपासणी व मुद्रांक शुल्क वजा करून उरलेली रक्कम मिळते.