जेवल्यावर वज्रासन: नेमका फायदा कशाचा होतो, कसं बसायचं आणि कुठे थांबायचं

जेवण झाल्या झाल्या वज्रासनात बसा म्हणजे पायांकडचं रक्त पोटाकडे वळतं आणि अन्न पटकन पचतं, हे आपल्याकडे योगाच्या क्लासपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे सांगतात. पण खरं बघायला गेलं तर जेवलं की आतड्यांकडे जाणारं रक्त शरीर आपणहून वाढवतंच, त्यासाठी पाय दुमडायची गरज नसते, आणि वरणभात-भाजी-पोळीचं नेहमीचं जेवण जठरातून पुढे सरकायला तीनचार तास लागतात, त्यात दहा मिनिटं गुडघ्यावर बसल्याने फार काही फरक पडेल असं मानायला आधार नाही.

मग वज्रासनाचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण वेगळ्या कारणाने. या आसनात पाठ आपोआप ताठ होते, पोटाला घडी पडत नाही आणि माणूस सोफ्यावर रेलत नाही. जठराच्या तोंडाशी एक झडप असते, पोट भरलेलं असताना आपण आडवे झालो किंवा पोट दाबून बसलो की तिथून आंबट वर येतं. म्हणजे आंबट ढेकर, छातीत जळजळ, घशाशी येणं हा ज्यांचा त्रास आहे त्यांना ताठ बसण्याचा फायदा होतो. तो फायदा ताठ बसण्याचा आहे, पाय दुमडण्याचा नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत सरळ बसूनही बहुतेक तेवढाच मिळतो, हे क्लासमध्ये क्वचितच सांगतात म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

आता बसायचं कसं. खाली सतरंजी किंवा जाडसर चादरीची घडी घ्या, नुसत्या फरशीवर नको. आधी कमरेचं सैल करा, पँटचा बेल्ट, साडीचा परकर, सलवारीची नाडी जे असेल ते, कारण घट्ट नाडी बांधून ताठ बसलं तरी पोटावर दाब राहतोच. गुडघे टेका, पावलांची वरची बाजू जमिनीला, दोन्ही अंगठे एकमेकांना लागलेले, टाचा बाहेरच्या बाजूला उघडलेल्या, आणि मधे जो खळगा होतो त्यात बसा. थेट टाचांच्या हाडावर बसलं तर दोन मिनिटांत घोटे ओरडायला लागतात. हात मांडीवर, खांदे सैल, पोट आत ओढायचं नाही, श्वास जसा चालू आहे तसाच, प्राणायाम वगैरे आत्ता नको. सुरुवातीला दोन मिनिटं पुरे, सवय झाली की पाच ते दहा. त्यापुढे वाढवण्यात काही हशील नाही.

घोटे ताणले जात असतील तर त्यांच्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघे ताणले जात असतील तर मांडी आणि पोटरीच्या मधे उशी किंवा घडी केलेली चादर ठेवून त्यावर बसा, गुडघा तेवढा कमी दुमडतो. उठताना एकदम उभं राहू नका, हात पुढे टेकून एका बाजूला बसा, एकेक पाय सरळ करा, पावलं हलवा आणि मगच उठा.

पायाला मुंग्या आल्या की लगेच सोडायचं, "थोडं सहन करू" म्हणून बसून राहायचं नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, अगदी कातडीखाली, हाडाला वळसा घालून एक नस जाते, तीच पाऊल वर उचलते. खूप वेळ असं बसलं की ती दाबली जाते आणि पाऊल उचललंच जात नाही, चालताना पुढचा भाग घासतो. तासन्‌तास असं बसल्यावर झालेली अशी केस अमेरिकेतल्या वैद्यकीय मासिकात 1971 सालीच नोंदली गेलीय. डायबेटिसमुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी तर वज्रासन टाळलेलंच बरं, कारण त्यांना मुंग्यांचा इशाराच कळत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा गादी फाटलेली असेल तर खुर्चीच बरी.

माझ्या आत्याचंच सांगते. वय साठीच्या जवळ, गुडघे कुरकुरणारे, रात्री साडेनऊला जेवण, मग टीव्हीसमोर दिवाणावर आडवं आणि मध्यरात्री घशाशी आंबट. तिने वज्रासन सुरू केलं, जळजळ तशीच राहिली आणि वर गुडघा सुजला. कारण दहा मिनिटं बसून झाली की ती परत आडवीच व्हायची, पोट तर भरलेलंच होतं. मग असं केलं: जेवण आठला, नंतर खुर्चीत पाठ टेकवून थोडा वेळ ताठ बसणं, मग सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं रमतगमत चालणं, झोप अकराला. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचाचे लाकडी ठोकळे लावले. आधी ती दोन उशा घ्यायची, पण जादा उशांनी नुसती मान वर होते आणि पोट दुमडतं, त्याने उलट त्रास वाढतो. आणि झोपायचं डाव्या कुशीवर, कारण डाव्या कुशीवर जठरातलं आम्ल झडपेच्या खालच्या पातळीवर राहतं, उजव्या कुशीवर ते झडपेशी येतं. आता जळजळ क्वचित, ती पण लग्नाचं जेवण वगैरे झालं तर.

यात शतपावलीचा वाटा मोठा आहे. पोट फुगणं, गच्च वाटणं यावर हळू चालण्याचा उपयोग बसण्यापेक्षा जास्त, आणि जेवणानंतरची साखरही त्याने कमी चढते. मात्र रमतगमतच, भरल्या पोटी झपझप चालू नका.

आता गॅससाठीचं पवनमुक्तासन. हे जेवल्यावर करायचंच नाही, सकाळी रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर तीनचार तासांनी, संध्याकाळी सहाची वेळ बऱ्याच जणांना जमते. पाठीवर झोपा, श्वास सोडत उजवा गुडघा दोन्ही हातांनी पोटाकडे ओढा, पाच श्वास थांबा, मग डावा, मग दोन्ही. मोठं आतडं उजवीकडून वर चढतं आणि डावीकडून खाली उतरतं म्हणून उजवा पाय आधी असं शिकवतात, पण क्रम चुकला तर बिघडत काही नाही. मान उचलून नाक गुडघ्याला लावायचा हट्ट नको. यानंतर मार्जरासन, म्हणजे हातापायांवर ओणवं होऊन पाठ वर-खाली करणं, तेही सोपं आहे. हर्निया, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन, गरोदरपण यात पोट दाबणारी आसनं नकोत. आणि जळजळ हा मुख्य त्रास असेल तर पवनमुक्तासन, पश्चिमोत्तानासन, सर्वांगासन, कपालभाती यांनी ती वाढू शकते, वाढली तर सरळ बंद करा. सुप्त वज्रासन म्हणजे वज्रासनच, फक्त मागे आडवं व्हायचं, असं समजून काही जण जेवल्यावर तेही करतात, ते अजिबात नको.

पोटाचा घेर कमी होणं, जुनी बद्धकोष्ठता जाणं, अल्सर बरा होणं, हे वज्रासनाकडून होत नाही. घास अडकत असेल, शौचाला काळं होत असेल, विनाकारण वजन उतरत असेल तर आसनं करत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि छातीत दाटून आलं, सोबत घाम किंवा हात-जबडा दुखतोय, चढ चढताना वाढतंय, तर "गॅस असेल" म्हणून वज्रासनात बसवू नका त्या माणसाला, लगेच हॉस्पिटलमध्ये नेऊन ईसीजी काढा.