'पारंपरिक' म्हणजे कोणत्या सालचं?

शिक्षणाच्या इतिहासाच्या पेपरसाठी मी मदरशांवर पहिला निबंध लिहिला, तेव्हा सुरुवातच अशी होती: 'शतकानुशतके न बदललेला अभ्यासक्रम इंग्रजांच्या आगमनाने हादरला.' बाईंनी समासात एवढंच लिहिलं, 'न बदललेला? कोणत्या सालापासून?' उत्तर शोधताना माझा सगळा निबंध कोसळला.

भारतीय मदरशांचा 'पारंपरिक' अभ्यासक्रम म्हणजे दर्से निज़ामी. तो लखनौच्या फिरंगी महालातल्या मुल्ला निज़ामुद्दीन यांच्या नावाने ओळखला जातो. ते वारले 1748 मध्ये. म्हणजे ही परंपरा अठराव्या शतकातली, आणि ती स्वतःच एक सुधारणा होती. तिचा भर 'माकूलात'वर होता, म्हणजे तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित यांवर. हदीसचा, म्हणजे प्रेषित मुहंमदांच्या वचनांचा आणि आचरणाच्या आठवणींचा, मात्र मुख्यतः एकच ग्रंथ, मिश्कात. धार्मिक शाळेत हे असं का? कारण इथून शिकलेला माणूस काझी, मुफ्ती किंवा दरबारी अधिकारी व्हायचा. त्याला वाद घालणारी, कागद वाचणारी बुद्धी लागायची.

पुढे 1837 मध्ये कंपनी सरकारने न्यायालयांतून फारसी काढली आणि 1864 मध्ये न्यायालयांतली मुस्लिम कायदा-अधिकाऱ्यांची पदंही गेली. नोकरीच उरली नाही, तर तर्कशास्त्र कशासाठी घोकायचं?

दोनच वर्षांनी, 1866 मध्ये देवबंदची शाळा निघाली. नवखे इथे हमखास घसरतात (मीही घसरले). देवबंदने अभ्यासक्रमाचं नाव दर्से निज़ामीच ठेवलं, म्हणून आपण 'जुनंच चालू राहिलं' असं लिहून मोकळे होतो. पण ग्रंथांची यादी पाहा: हदीसचे सहा प्रमुख संग्रह आता शिक्षणाच्या शिखरावर येऊन बसले आहेत. उलट शाळेची चौकट बघावी तर ठरलेले वर्ग, पगारी शिक्षक, वार्षिक परीक्षा, लोकवर्गणीचा हिशेब, म्हणजे सरकारी कॉलेजांसारखीच. विषय अधिक धार्मिक झाले आणि व्यवस्था अधिक आधुनिक, दोन्ही एकाच वेळी. इंग्रजी अभ्यासक्रमात आणायचा प्रयत्न पुढे नदवतुल उलमा या उलेमांच्या संस्थेने केला, पण तो वेगळ्या निबंधाचा विषय आहे.

त्यामुळे आता मी टिपणं काढताना कागदाच्या मधोमध रेघ मारते. डावीकडे काय शिकवलं जाई, उजवीकडे कसं आणि कुणाच्या पैशाने. 'आधुनिकीकरण' हा शब्द कोणत्या बाजूसाठी वापरतोय ते ठरवल्याशिवाय वाक्य लिहायचं नाही. निबंधात 'सुधारणा' आणि 'परंपरा' एकमेकांविरुद्ध उभे राहायला लागले, तर समजायचं की दोन्ही रकाने एकात मिसळलेत.

डावा रकाना भरतानाही ग्रंथसूचीवर सरसकट विश्वास टाकू नका. यादीत बैज़ावींचं कुराणभाष्य दिसतं, पण वर्गात बहुधा त्यातला कुराणाच्या दुसऱ्या अध्यायाचा भागच शिकवला जाई. 'नेमलेलं' आणि 'वाचलेलं' यांत मी पहिल्या मसुद्यात फरकच केला नव्हता. बाईंचा समासातला दुसरा शेरा त्यावर होता.