चुकीच्या उत्तराचा रकाना

आदरणीय प्राचार्यबाई, मार्गदर्शक सर, शाळेतले सर्व शिक्षक आणि पुढच्या वर्षी सराव पाठ घेणाऱ्या मैत्रिणींनो,

मी आज एकाच पाठाबद्दल बोलणार आहे. इयत्ता सहावी, घटक दशांश अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा.

पूर्वज्ञान तपासायला मी टाचणात प्रश्न लिहिला होता, ०.४५ आणि ०.३२ यांत मोठी संख्या कोणती? वर्गाने एका सुरात बरोबर उत्तर दिलं. मी समाधानाने हेतुकथन केलं, फळ्यावर नियम लिहिला, उदाहरणं सोडवली. स्वाध्यायात ०.५ आणि ०.२५ ही जोडी आली आणि निम्म्याहून जास्त वह्यांत ०.२५ मोठं निघालं. मुलांनी दशांश चिन्हापुढचे पाच आणि पंचवीस बघितले होते. पंचेचाळीस आणि बत्तीस असं बघितलं तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरोबरच येतं, म्हणून त्या प्रश्नातून मला काहीच कळलं नव्हतं. आपण ‘शून्य पॉइंट पंचवीस’ असं वाचतो, त्यानेही ही समजूत पक्की होते. आता मी ‘शून्य पॉइंट दोन पाच’ असंच वाचते.

दुसऱ्या तुकडीसाठी टाचण नव्याने लिहिलं. अध्यापक कृती आणि विद्यार्थी कृती यांच्या शेजारी मी आणखी एक रकाना आखला: मूल चुकलं तर काय म्हणेल, आणि मग मी काय करेन. हा रकाना भरायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, पण प्रश्न कसे निवडायचे ते त्यानेच शिकवलं. सुरुवातीलाच ०.५ आणि ०.२५ विचारलं. उत्तर चुकलं की शंभर चौकटींचा कागद द्यायचा, असं लिहून ठेवलं होतं. दहा चौकटींची एक पट्टी म्हणजे एक दशांश. ०.५ साठी पाच पट्ट्या रंगवायच्या, म्हणजे पन्नास चौकटी, ०.२५ साठी पंचवीसच. रंगवून झाल्यावर मुलांनी आपणहून उत्तरं खोडली.

पैशांचं उदाहरण मी मुद्दाम टाळलं. ३.५ रुपये म्हणजे तीन रुपये पाच पैसे असं मुलं सहज म्हणतात, आणि मग तो गुंता सोडवण्यातच तासिका जाते. चौकटी रंगवायलाच वीस मिनिटं लागली, म्हणून पस्तीस मिनिटांच्या तासिकेतले बाकीचे दोन उपक्रम मी सोडून दिले. त्याची मला खंत नाही.

शेवटी ०.४ आणि ०.७५ ही जोडी दिली. तेव्हा चार मुलांनी ०.४ मोठं लिहिलं. शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून दोन अंकी तो लहान, असं त्यांचं म्हणणं. ही दुसरी समजूत माझ्या रकान्यात नव्हती आणि तास संपला होता. त्या चौघांच्या वह्यांतली उत्तरं मी वर्गशिक्षिकाबाईंना दाखवली आहेत, चौकटींचे उरलेले कागदही त्यांच्याकडेच दिले आहेत.