प्रवचनाच्या क्लिप काढताना या चुका टाळा

मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात चातुर्मासात देवळात प्रवचने होतात आणि गेली काही वर्षे त्यांचे चित्रीकरण व नंतरची काटछाट माझ्याकडे आहे. मुंबईला असलेली आमची माणसे पावणेदोन तासांचे प्रवचन सलग ऐकत नाहीत, पण दोन मिनिटांची क्लिप आवर्जून ऐकतात आणि पुढे पाठवतात. त्यामुळे आता प्रत्येक वाडीतला एखादा मुलगा मोबाइलवर क्लिप काढू लागला आहे. त्यांपैकी बहुतेकांच्या हातून चूक होते ती एकच, आणि ती यंत्राची नसून ऐकण्याची असते. बोलणाऱ्याने खोडून काढण्यासाठी मांडलेले मत त्याचेच मत म्हणून कापले जाते.

प्रवचनकार आपले म्हणणे सरळ मांडत नाहीत. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची शंका किंवा लोकांची रूढ समजूत, ते सांगतात आणि तीही अशी ठासून सांगतात की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. मग तिचे खंडन करतात आणि शेवटी सिद्धान्तावर येतात. गीतेची रचनासुद्धा अशीच आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन युद्ध का करू नये हे तपशीलवार सांगतो, तर श्रीकृष्णाचा उपदेश दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून सुरू होतो. पहिल्या अध्यायाचा तुकडा तोडून ‘गीता सांगते’ असे म्हटले तर अर्थ उलटा होईल, हे सर्वांना पटते. प्रवचनाच्या क्लिपमध्ये मात्र नेमके हेच रोज घडते, कारण पूर्वपक्ष नेहमीच अधिक जोरकस आणि रंगतदार असतो. श्रोते तिथे हसतात, टाळ्याही तिथेच पडतात आणि कापणाऱ्याचे बोट तिथेच थांबते.

मराठीत हा धोका अधिक आहे, कारण हे मत कोणाचे आहे ते सांगणारा शब्द आपल्या भाषेत बहुधा शेवटी येतो. ‘असे म्हणणारे पुष्कळ भेटतात’, ‘अशी आपली समजूत’, ‘असे वाटते खरे’, ‘म्हणे’ हे सगळे वाक्याच्या शेपटाला असते. नकारसुद्धा क्रियापदाबरोबर शेवटीच येतो. कापणाऱ्याने दोन सेकंद आधी हात उचलला की दुसऱ्याचे मत बोलणाऱ्याच्या गळ्यात पडते.

दोन वर्षांपूर्वी बुवांचे नवसावरचे प्रवचन झाले. रेकॉर्डिंग १ तास ५२ मिनिटांचे होते. मंडळातल्या एका मुलाने त्याच रात्री ४४ सेकंदांची क्लिप काढली आणि मी ती मूळ रेकॉर्डिंगशी ताडून न पाहता जाऊ दिली. ४१:१२ ला बुवा म्हणतात, ‘नवस फेडला नाही तर देव कोपतो. हे आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे. कोणाचं ढोर मेलं, कोणाची होडी फुटली, की आधी विचारतात, नवस राहिलाय का रे?’ इथे, ४१:५६ ला, क्लिप संपली. देवळात मात्र बुवा क्षणभर थांबले आणि ४१:५८ ला म्हणाले, ‘अशी आपली समजूत.’ पुढे त्यांनी आईचा दृष्टान्त दिला. लेकराने दिलेला शब्द मोडला म्हणून कोणती आई त्याच्या पुढ्यातले ताट उचलते, असे विचारत ते सिद्धान्तावर आले आणि ४३:०५ पर्यंत त्यांनी तो पुरा सांगितला की नवस हा देवाशी केलेला सौदा नसून आपल्याच मनाला घातलेला बांध आहे, आणि संकटाला राहिलेल्या नवसाचा हिशेब लावणे हे देवाला लहान करणे आहे.

त्या मोसमात किनाऱ्यावरच्या एका घरची होडी खडकावर आपटून फुटली होती. क्लिप त्यांच्या मोबाइलवर पोहोचली. तिसऱ्या दिवशी त्या घरातली म्हातारी बुवांच्या ओटीवर येऊन बसली आणि म्हणाली, ‘बुवानू, आमचो खंयचो नवस ऱ्हवलो, ता सांगा.’ बुवांनी तिच्यासमोर तो सगळा भाग पुन्हा सांगितला, पण गावात चार दिवस त्या घराकडे ज्या नजरेने पाहिले गेले ते कोणालाही परत घेता आले नाही. दोन सेकंद कमी पडले होते. माझ्या लेखी ही किरकोळ चूक नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. कात्री हातात घेण्यापूर्वी मी संपूर्ण रेकॉर्डिंग वही घेऊन एकदा ऐकतो. समासात वेळ लिहितो आणि तिच्यापुढे ‘पू’ किंवा ‘सि’ अशी खूण करतो. ‘पू’ची खूण असलेल्या भागावर क्लिप संपवायची नाही, एवढा एकच नियम मी पाळतो. ज्यांना यात वेळ वाया जातो असे वाटते, त्यांनी हे काम करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पावणेदोन तास बोलणाऱ्याचे पावणेदोन तास ऐकून घेण्याची तयारी नसेल, तर त्यातली कोणती दोन मिनिटे त्याची आहेत हे कळणार कसे?

वरच्या प्रसंगात योग्य क्लिप ४१:१२ ते ४३:०५ अशी ११३ सेकंदांची होते. ‘साठ सेकंदांतच बसले पाहिजे’ हा हट्ट आता सोडावा, कारण यूट्यूबच्या शॉर्ट्सना ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत मुभा आहे. मधला भाग गाळून टोके जोडण्याचा मोह मात्र टाळावा. ‘जोवर’, ‘जर’, ‘एवढ्यापुरते’ हे शब्द मधल्या भागातच असतात आणि ते गेले की अटीसह केलेले विधान बिनशर्त होते. केवळ सिद्धान्ताचा भाग उचलायचा असेल, तर त्याचे पहिले वाक्य तपासावे. ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ यांनी किंवा ‘तो’, ‘ते’, ‘तसा’ अशा सर्वनामांनी सुरुवात होत असेल, तर त्या शब्दांचा आधार मागे राहिला आहे असे समजावे आणि क्लिपची सुरुवात तेवढी मागे न्यावी. इतके करूनही सिद्धान्त तीन मिनिटांत येत नसेल, तर त्या भागाची क्लिप मी काढत नाही.

दुसरी चूक शांततेची आहे. मोबाइलवरच्या अनेक ॲपमध्ये शांत जागा आपोआप काढून टाकण्याची सोय असते आणि उतावळ्या मुलांना ती फार आवडते, कारण बोलणे एकदम चपळ वाटू लागते. प्रवचनातली शांतता मात्र रिकामी नसते. बुवा ‘देवाला हे कळत नाही?’ असे विचारून दीड-दोन सेकंद थांबतात. श्रोते मनात ‘कळते’ म्हणतात आणि मग बुवा पुढे जातात. मराठीत प्रश्न पुष्कळदा केवळ आवाजाच्या चढाने आणि त्यानंतरच्या थांबण्याने कळतो. ती शांतता काढून पुढचे वाक्य चिकटवले की ‘देवाला हे कळत नाही’ असे सरळ विधान ऐकू येते. नवसाच्या प्रसंगातही ‘नवस राहिलाय का रे?’ यानंतरचे थांबणे हीच पूर्वपक्ष संपल्याची खूण होती. म्हणून शांतता काढणारी सोय मी बंदच ठेवतो. खोकला, माइकची खरखर किंवा पंखा बंद पडल्याने झालेला खोळंबा तेवढा हाताने काढतो. शेवटच्या शब्दानंतर एक पूर्ण श्वास राहू देतो, म्हणजे वाक्य खरोखरच संपले आहे की आणखी काही यायचे आहे हे कानाला कळते.

आता यंत्राकडे वळू. वहीतली वेळ अचूक असूनही क्लिप भलतीकडे सुरू होत असेल, तर बहुधा ‘फास्ट कट’ कारणीभूत असतो. त्यात व्हिडिओ नव्याने तयार होत नाही, नुसती नक्कल होते. ही नक्कल फक्त कीफ्रेमपासूनच, म्हणजे व्हिडिओत मधूनमधून साठवलेल्या पूर्ण चित्रापासूनच, नीट सुरू होऊ शकते आणि दोन कीफ्रेममध्ये काही वेळा पाचसहा सेकंदांचे अंतर असते. परिणामी आधीच्या वाक्याचे शेपूट क्लिपच्या तोंडाशी येते किंवा आवाज पुढे जातो आणि चित्र गोठलेले राहते. संगणकावर ffmpeg वापरणाऱ्यांनी `-c copy` चा मोह सोडावा आणि क्लिप नव्याने एन्कोड करावी:

```
ffmpeg -ss 00:41:12 -i pravachan.mp4 -t 113 -c:v libx264 -crf 20 -c:a aac clip.mp4
```

याला थोडा वेळ जास्त लागतो, पण क्लिप सांगितलेल्या सेकंदालाच सुरू होते. `-t` पुढचा आकडा क्लिपची लांबी आहे, शेवटची वेळ नव्हे. तिथे ४३:०५ लिहून पाऊण तासाची फाइल तयार केलेले मी पाहिले आहेत.

क्लिपवर ठळक अक्षरांत टाकायचे शीर्षक सिद्धान्ताचेच असावे. ‘नवस फेडला नाही तर काय होते?’ असे शीर्षक दिले, तर अख्खी क्लिप बरोबर असूनही अनेकांच्या लक्षात केवळ शीर्षक राहते. आपोआप उमटणारी मराठी उपशीर्षके ‘न’ आणि ‘ना’ सहज गिळतात, तेव्हा ती अक्षर अन् अक्षर वाचून पाहावीत. बोलण्याखाली बासरी किंवा तानपुरा घालू नये, कारण त्याने आवाजाचा चढउतार झाकला जातो. क्लिपखाली संपूर्ण प्रवचनाचा दुवा नेमक्या वेळेसह द्यावा. यूट्यूबच्या दुव्याच्या शेवटी `&t=2472s` जोडले की तो ४१:१२ ला उघडतो.

पाठवण्यापूर्वीची माझी शेवटची तपासणी साधी आहे. प्रवचनाला न आलेल्या एका माणसाला क्लिप ऐकवतो आणि ‘बुवा काय म्हणाले?’ एवढेच विचारतो. त्याचे उत्तर आणि वहीत ‘सि’पुढे लिहिलेले वाक्य जुळले नाही, तर क्लिप पुन्हा कापतो. आमच्या घरी हे काम थोरल्या वहिनी करतात. त्या देवळात येत नाहीत आणि त्यांना जे ऐकू आले तेच सांगतात. त्यानंतर क्लिप बुवांकडे जाते आणि त्यांचा होकार आल्याशिवाय पुढे सरकत नाही.

चुकीची क्लिप बाहेर गेलीच, तर ती गटातून काढून टाकल्याने भागत नाही, कारण ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांच्या प्रती तशाच राहतात. लांबलचक खुलासा लिहूनही उपयोग होत नाही, कारण ज्याने क्लिप पाहिली तो खुलासा वाचतोच असे नाही. आम्ही तेव्हा तीच क्लिप तिथूनच सुरू करून पूर्ण ११३ सेकंदांची केली, पहिल्या चित्रावर ‘अपुरी क्लिप पाहिली असल्यास ही पूर्ण पाहा’ असे लिहिले आणि पहिली क्लिप ज्या ज्या गटांत गेली होती त्या प्रत्येक गटात ती पाठवली. सुरुवात तीच असल्यामुळे लोकांनी ती ओळखली आणि पुढचा भागही ऐकला. म्हातारीच्या घरी मात्र मी मोबाइल घेऊन स्वतः गेलो.