स्कॅन नॉर्मल आलं, आता घरची पहिली रात्र

डोक्याला मार लागलेल्या माणसाचं सीटी स्कॅन नॉर्मल आलं की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो आणि गाडी काढायची घाई सुरू होते. पण स्कॅन दाखवतं ते त्या घडीपुरतं. पडल्यावर तासाभरातच ते झालं असेल, तर बारीक शिरेतून हळूहळू झिरपणारं रक्त दिसण्याइतकं साचलेलं नसतं. असं क्वचितच होतं, म्हणूनच घरी सोडतात. मात्र पहिले 24 तास कोणीतरी न प्यायलेलं, जाणतं माणूस पेशंटजवळ राहील, हे धरूनच सोडतात. ते माणूस कोण, हे वॉर्डातून निघायच्या आधीच ठरवा.

एक घर डोळ्यापुढे धरू. मामाजी 62 वर्षांचे, मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून बाजारातून परत येताना गाडी घसरली आणि ते डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटले. चार वाजता पडले, पाच वाजता जिल्ह्याच्या दवाखान्यात स्कॅन झालं, रात्री आठला सुट्टी मिळतेय. मोहाची थोडी घेतली होती. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसलाय, तेव्हापासून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या रोज चालू आहेत.

यातल्या दोन गोष्टी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पायरी उतरू नका. पहिली, त्या गोळ्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲसिट्रोम यांपैकी काही चालू असेल तर उशिरा रक्त साचण्याचा धोका वाढतो. अशा पेशंटला डॉक्टर रात्रभर दवाखान्यातच ठेवू शकतात, त्यांना ठेवू द्या. गोळी बंद करायची की चालू ठेवायची, हे मात्र घरी आपल्या मनानं ठरवू नका. स्टेंटवाल्याची गोळी अचानक सुटली तर हृदयावर बेतू शकतं. दुसरी गोष्ट दारू. 'प्यायलेत, म्हणून झोपलेत' या समजुतीखाली डोक्यातला बिघाड सहज झाकला जातो. पिणं दडवलं तर डॉक्टरांचा अंदाज चुकतो.

मग रस्त्याचा विचार करा. पावसाळा आहे, गावाकडचा रपटा पाण्याखाली जातो, घरात मोबाइलला रेंज नाही, तर त्या रात्री गावी जाऊ नका. तालुक्याच्या ठिकाणी मेव्हण्याकडे, मावशीकडे थांबा. माझ्या मते ही सोय बाकीच्या सगळ्या तयारीपेक्षा मोठी आहे. लक्षण वेळेवर ओळखलं आणि नाल्याअलीकडेच अडकलो तर काय उपयोग? रात्री सीटी कुठं होतं हेही विचारून घ्या, कारण प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होत नाही. 108 ला फोन लागला की डोक्याला मार कधी लागला, आता नेमकं काय बदललं आणि स्कॅन कुठं झालं होतं, हे सांगता आलं पाहिजे. डिस्चार्ज कार्ड आणि फिल्म एकाच पिशवीत ठेवा.

निघण्याआधी आणखी एक करा: मामाजी नेहमी कसे असतात ते बघून ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्याची बाहुली आधीपासूनच वेगळी दिसू शकते. एखाद्याचा एक हात जुन्या दुखण्यानं अधू असतो, कोणी आधीच विसरभोळं असतं. हे आज उजेडात माहीत करून घेतलं नाही, तर रात्री टॉर्च मारून नको तिथं घाबराल, नाहीतर खरोखर घाबरायचं तिथं गप्प बसाल.

घरी साधं, हलकं जेवण द्या. दारू अजिबात नको, झोपेची गोळी नको. डोकं दुखलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल, सांगितलेल्या अंतरानं. अंगदुखीसाठी घरात पडलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या देऊ नका. गावातल्या डॉक्टरकडून 'आराम पडते' म्हणून सुईही टोचून घेऊ नका. रक्त साचत असेल तर यातली काही औषधं ते वाढवू शकतात आणि गुंगीची सुई तर आपल्याला जे बघायचंय तेच झाकून टाकते.

झोपू द्यायचं की नाही, यावर प्रत्येक घरात वाद होतो. झोपू द्या. रात्रभर जागं ठेवून काही साधत नाही, उलट सकाळी थकव्याची सुस्ती कोणती आणि आजाराची कोणती हेच कळत नाही. उठवून बघायचं मात्र आहे. किती वेळानं, ते कार्डावर लिहिलेलं नसेल तर निघतानाच विचारा. पहिल्या रात्री साधारण दर दोन-तीन तासांनी उठवायला सांगतात. अकराला सून हाक मारते, "मामाजी, उठा बरं. आज कोणता वार हाय?" ते डोळे उघडतात, कुरकुरतात, "शनवार हाय. झोपू दे नं वं माय." हे उत्तर चांगलं. चिडणं चांगलं. पुढच्या वेळी तोच प्रश्न विचारू नका, पाठ झालेलं उत्तर झोपेतही येतं. संध्याकाळी काय जेवलात, कोणाच्या घरी हाव, असं बदलून विचारा. मग दोन्ही हातांनी तुमची बोटं दाबायला लावा, आणि दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगा. एक हात आपोआप खाली येत असेल तर ती कमजोरी आहे. लाइन जाते, म्हणून टॉर्च चार्ज करून उशाशी असू द्या, आणि वेळ व उत्तर वहीत लिहा, म्हणजे दोनला मुलगा उठेल तेव्हा त्याला तुलना करता येईल.

आता दोन वाजता समजा असं झालं: तीनदा हलवावं लागलं, डोळे उघडले आणि वाक्य अर्धवट सोडून मिटले, वार सांगितला तो चुकीचा. पुन्हा अर्ध्या तासानं बघू, असं म्हणू नका. बाहुल्या सारख्या आहेत म्हणून थांबूही नका. एक बाहुली मोठी होणं हे उशिरा दिसणारं लक्षण आहे, तिची वाट बघण्यात वेळ जातो. लगेच 108. त्याच घाईनं न्यावं लागेल अशा आणखी गोष्टी म्हणजे पॅरासिटामॉल देऊनही वाढतच जाणारी डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणं, तोल जाणं, झटका येणं, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं अथवा लालसर गळणं. काळीपिवळीत खड्डे खात येताना एकदा उलटी झाली तर इतकं घाबरायचं कारण नाही; घरी आल्यावर पुन्हा पुन्हा होऊ लागली तर थांबू नका. झटका आलाच तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान सरकवा. तोंडात चमचा घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

सकाळपर्यंत सगळं ठीक असलं तरी दिवसभर एकट्यानं वावरात पाठवू नका, ट्रॅक्टर-मोटरसायकल नको, विहिरीवर नको. थोडं डोकं दुखणं, चक्कर, चिडचिड, उजेड न सोसणं हे काही दिवस राहू शकतं आणि हळूहळू कमी होत जातं.

म्हातारं माणूस, नेहमी पिणारं माणूस किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणारं माणूस असेल तर पुढच्या काही आठवड्यांतही लक्ष ठेवा. कवटीच्या आत रक्त फार सावकाश साचत गेलं, तर महिन्याभरानं पाय ओढत चालणं, बोलणं कमी होणं, डोकं जड वाटणं, कधी धोतरात लघवी होणं असं दिसू लागतं. घरचे म्हणतात, "वय झालं, असंच होते." अशा वेळी ती जुनी फिल्म घेऊन पुन्हा दवाखान्यात जा आणि पडण्याची तारीख सांगा. घरच्यांनी सांगितली नाही तर महिन्यापूर्वीचं पडणं डॉक्टरांना कळायचा दुसरा मार्ग नसतो.